व्हिडिओची स्क्रिप्ट कानांसाठी लिहिताना या चुका टाळा

गाडी चालवताना किंवा हातातलं काम करताना ऐकणाऱ्यांसाठी व्हिडिओची स्क्रिप्ट बदलायची म्हटलं की बहुतेक जण ‘हे बघा’, ‘इथे दिसतंय तसं’ एवढे शब्द खोडतात आणि काम झालं असं समजतात. पहिली चूक इथेच होते. बोट दाखवणारा शब्द जातो, पण त्यासोबत चित्रातली माहितीही जाते आणि वाक्य लंगडं राहतं.

सूर्यमालेतल्या अंतरांवरच्या व्हिडिओतला हा मजकूर घ्या: ‘हा पिवळा ठिपका म्हणजे सूर्य. आपण इथे. मंगळ जरा पुढे, गुरू त्याहून लांब, आणि नेपच्यून तर पार या टोकाला.’ पडद्यावर प्रत्येक ग्रहाखाली कोटी किलोमीटरमधला आकडा झळकतोय. ‘हा’, ‘इथे’, ‘या’ काढून टाकले, तर कोण किती लांब हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.

घाईघाईने केलेला उपाय याहून वाईट ठरतो. आकडे कळावेत म्हणून तक्ताच वाचून दाखवतात: पृथ्वी १५ कोटी, मंगळ २२.८ कोटी, गुरू ७७.८ कोटी, नेपच्यून ४५० कोटी. डोळा तक्त्यावर मागे-पुढे फिरू शकतो, कानाला ती सोय नाही. गुरूचा आकडा येईपर्यंत मंगळाचा विसरलेला असतो. ठिपक्यांचे रंग आणि बाण वर्णन करत बसण्यानेही काही साधत नाही. त्या चित्रातून प्रेक्षकाला काय कळणार होतं, एवढंच शब्दांत आणायचं.

इथे कळायला हवं ते म्हणजे अंतरांमधला फरक. म्हणून मी एकच माप धरून असं लिहीन: ‘सूर्यावरून निघालेला प्रकाश पृथ्वीपर्यंत पोहोचायला साधारण ८ मिनिटं लागतात. गुरूपर्यंत पोहोचायला पाऊण तास. आणि नेपच्यूनपर्यंत? चार तासांहून जास्त.’ मंगळ गाळला, कारण चार थांब्यांपेक्षा तीन लक्षात राहतात. माप सगळीकडे वेळेचंच आहे आणि आकडे ढोबळ आहेत. नेमका आकडा खरंच लागत असेल, तर एकच द्या आणि तो कशाचा आहे हे आधी सांगा.

यापुढची चूक मराठीत फार सहज होते, त्यामुळे तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ‘१९७७ साली सोडलेलं, गुरू आणि शनीजवळून गेलेलं, २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडणारं व्हॉयेजर १ हे यान...’ कागदावर हे वाचता येतं. ऐकणाऱ्याला मात्र नाव येईपर्यंत सगळी विशेषणं हवेत धरून ठेवावी लागतात, आणि मधेच सिग्नल सुटला की धागा तुटतो. आधी नाव, मग एकेक गोष्ट: ‘व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली सोडलं. ते गुरू आणि शनीजवळून गेलं. २०१२ मध्ये व्हॉयेजरने सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडला.’ तिसऱ्या वाक्यात ‘त्याने’ऐवजी पुन्हा नाव घेतलंय ते मुद्दाम. दोन सेकंद लक्ष उडालेला माणूस तिथून परत धागा पकडू शकतो. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ किंवा ‘यातला दुसरा’ म्हटलं, तर तसं होणार नाही.

नकारही असाच हरवतो. मराठीत ‘नाही’ बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, तिथेच वाचणाऱ्याचा आवाज खाली उतरतो, आणि टायरच्या घरघरीत नेमका तोच शब्द बुडतो. ‘नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही’ याचं ‘दिसतं’ होऊन बसतं. अशा वाक्यामागे तीच गोष्ट होकारात सांगणारं वाक्य जोडा: ‘नेपच्यून पाहायला दुर्बीण लागतेच.’ आवाज चढवून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, तो लिहितानाच सोडवावा लागतो.

‘थांबवा आणि लिहून घ्या’, ‘खाली दिलेल्या लिंकवर जा’ अशा सूचना पूर्ण काढा. स्टीअरिंगवरचा हात मोबाइलकडे जावा असं एकही वाक्य नको. हॉर्न, सायरन, फोनची रिंग असे आवाजही वापरू नका. चालकाला ते रस्त्यावरचेच वाटतात आणि तो दचकून आरशात बघतो.

नवी स्क्रिप्ट तपासायला ती मोबाइलवर रेकॉर्ड करून विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी भांडी घासताना ऐकायला द्या. नळाचा आवाज चालू राहू द्या. ऐकून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नका, ‘काय सांगितलं?’ असं विचारा. ‘कोण ओलांडून गेलं?’ असा प्रश्न आला, तर तिथे सर्वनाम काढून नाव घाला. आकडे उलटसुलट झाले, तर एक आकडा कमी करा. उलटा अर्थ सांगितला, तर आधी त्या वाक्यातलं ‘नाही’ शोधा.