मॉनिटर कॅलिब्रेट करताना या चुका टाळा: अल्बम काळवंडून का येतो?

सांगलीच्या विश्रामबागेतील एका छायाचित्रकार मित्राचा गेल्या लग्नसराईत फोन आला. लॅबने अल्बम बिघडवला, असे त्याचे म्हणणे होते. हळदीचे फोटो मळकट आले होते आणि नवरीच्या गर्द शालूच्या निऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. पडद्याचे रंग मोजणाऱ्या कलरीमीटर या उपकरणाने मॉनिटर आठवड्यापूर्वीच कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याचे रंग ठरलेल्या मापावर बसवले असल्यामुळे चूक आपली नाही, याची त्याला खात्री होती.

मी माझा कलरीमीटर घेऊन गेलो आणि पांढऱ्या पडद्याचे माप घेतले. ते २७० कॅन्डेला प्रति चौरस मीटर भरले. या एककाला बोलीत निट म्हणतात. मॉनिटरचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवरच होता. कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरने ब्राइटनेसचे लक्ष्य विचारले, तेव्हा त्याने ‘आहे तसाच ठेवा’ हा पर्याय निवडून पुढे जाणे पसंत केले होते. उपकरणाने सांगितलेले काम चोख केले, म्हणजे भगभगीत पडद्यावरचे रंग नीट बसवून दिले. अशा पडद्यावर फोटो उजळ भासतो, म्हणून संपादन करणारा एक्स्पोजर खाली ओढतो आणि सावल्या गडद करतो. कागदाला स्वतःचा उजेड नसल्यामुळे तो काळोख अल्बममध्ये जसाच्या तसा उतरतो. लॅबचा यात काही दोष नव्हता.

ब्राइटनेस किती ठेवावा, हे छापील फोटो ज्या उजेडात पाहिला जातो त्यावरून ठरते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर साधारण ३५० लक्स उजेड पडत असेल, तर तो कागद सुमारे १०० निट इतका उजळ दिसतो. म्हणून मित्राच्या टेबलावरच्या दिव्याखाली कोरा कागद ठेवला, पडद्यावर पांढरे पान उघडले आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवला. माप १०५ वर आले, तेव्हा लक्ष्य १०० ठरवले. पहिली दहा मिनिटे त्याला पडदा अंधारल्यासारखा वाटला. हे प्रत्येकालाच वाटते आणि उतावळे लोक इथेच ब्राइटनेस पुन्हा चढवतात. डोळ्यांना सरावायला वेळ द्या. मात्र खिडकीतून दुपारचे ऊन थेट पडद्यावर येत असेल, तर १०० निटवर काम होणार नाही. त्यासाठी खिडकीचा पडदा ओढावा, मॉनिटरचा ब्राइटनेस चढवू नये.

दुसरी चूक व्हाइट पॉइंटची, म्हणजे पडद्यावरचा पांढरा किती निळसर वा पिवळसर असावा याची, आणि ती मला जास्त खटकते, कारण ती आळसातून होते. मित्राच्या मॉनिटरचा मूळ पांढरा रंग ७२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे निळसर होता. लक्ष्य डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन, योग्यच होते. पण मॉनिटरच्या मेनूला हात न लावता त्याने ही सगळी दुरुस्ती सॉफ्टवेअरवर सोडली होती. सॉफ्टवेअर ती ग्राफिक्स कार्डमध्ये करते, म्हणजे निळ्याच्या २५६ पायऱ्यांपैकी वरच्या पायऱ्या वापरायच्याच सोडून देते. मग आकाशासारख्या सलग उतरत्या छटांमध्ये पट्टे दिसू लागतात. मी आधी मेनूतील ‘User’ मोड निवडतो, कॉन्ट्रास्ट कारखान्यातून आला तसाच ठेवतो आणि सॉफ्टवेअरवरचे माप पाहत निळा व गरजेपुरता हिरवा कमी करतो. त्यामुळे ब्राइटनेसही उतरतो, म्हणून तो पुन्हा १०० वर आणतो. हे दोन-तीनदा आलटून पालटून करावे लागते. उरलेली बारीक दुरुस्ती तेवढी सॉफ्टवेअरने करावी. शेवटी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उतरत जाणारी राखाडी पट्टी उघडून पाहतो. तिच्यात कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक दिसली, तर काम झालेले नाही.

छपाईसाठी म्हणून डोळे झाकून डी५०, म्हणजे सुमारे ५००० केल्विन, निवडणे मला पटत नाही. अल्बम आणि मोबाईल अशा दोन्हींसाठी फोटो देणाऱ्याने डी६५ वरच राहावे. छापील नमुना ५००० केल्विनच्या दिव्याखाली पडद्याशेजारी ठेवून जुळवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने कागदाशी पडदा जुळेपर्यंत व्हाइट पॉइंट खाली आणावा.

गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ वा गडद दिसाव्यात हे ठरवणारा आकडा, २.२ ठेवा. १.८ ही जुन्या मॅक संगणकांची सवय होती आणि तीही २००९ मध्ये सुटली.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास झाल्याशिवाय माप घेऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार बरोबर निवडा. नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणाऱ्या वाइड गॅमट पडद्याला साधा एलईडी सांगितले, तर आकडे जुळूनही पांढऱ्यात झाक राहू शकते. नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस आधी बंद करा.

मित्राने त्या अल्बमची चार पाने नव्या मापावर पुन्हा संपादित करून त्याच लॅबमधून छापून घेतली. शालूच्या निऱ्या सुट्या दिसल्या. हळदीच्या फोटोंना मात्र त्याला दोनदा हात लावावा लागला, कारण त्यांतला पिवळा आधीच्या मापावर बेताने वाढवलेला होता आणि आता तो जास्त झाला होता.