यूकेच्या रिक्रूटरला पहिल्याच कॉलवर विचारा: व्हिसाचा खर्च कोण भरणार?

म्हापशाचा माझा मावसभाऊ तीन राउंड देऊन बसला आणि मग ऑफर लेटरात बघतो तर आयएचएसबद्दल एक अक्षर नाही. आयएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी, मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पाउंड, मुलाला 776, आणि सगळ्या वर्षांची व्हिसा अर्ज करतानाच एकदम भरायची. तो, बायको आणि एक मुलगी, 3 वर्षं, हिशोब केला तर 8,538 पाउंड, ते पण विमानाचं तिकीट काढायच्या आधी!

म्हणून पहिल्या कॉलवरच सरळ विचारा, "कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स आहे ना, आणि ह्याच पोस्टसाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देणार का?" लायसन्स म्हणजे बाहेरच्या देशातल्या माणसाला नोकरीवर घ्यायची तिथल्या सरकारची परवानगी, आणि सर्टिफिकेट म्हणजे व्हिसासाठी कंपनी तुमच्या नावाने देते ती नोंद. दोन्ही विचारायचं कारण लायसन्स असलं म्हणून प्रत्येक पोस्टला स्पॉन्सर करतातच असं नाही. लायसन्सवाल्यांची यादी gov.uk वर कोणालाही बघता येते, कॉलआधी नाव शोधून ठेवा. मग विचारा, आयएचएस कंपनी भरते का, फॅमिलीची पण का, आधी देते की नंतर पगारातून परत करते, कारण नंतर म्हटलं की तेवढे पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे बाहेरचा माणूस घेतल्याबद्दल कंपनीला लागणारी सरकारी फी, मात्र कंपनीनेच भरायचा असतो, तो तुमच्याकडे मागितला तर तिथेच थांबा.

आणि गोव्याचं नाव ऐकून रिक्रूटर पोर्तुगीज पासपोर्ट धरून चालतो कधीकधी, तर आपल्याकडे काय आहे ते आधीच सांगा. तो पासपोर्ट असला तरी ब्रेक्झिटनंतर नव्याने जाणाऱ्याला यूकेत नोकरीसाठी व्हिसा लागतोच. कॉल संपला की हेच सगळं ईमेलवर लिहून मागा.