दार मोजल्याशिवाय फोटो पाठवू नका

घर-फ्लॅटच्या जाहिरातीचे फोटो एडिट करायला येणारी बरीचशी मुलं लग्नाच्या अल्बमच्या कामातून येतात. मीही जळगावात तिथूनच आले. अल्बममध्ये नवरी थोडी उजळ केली, थोडी उंच केली, तर घरचे खूशच होतात. पण नवरीला कोणी टेप लावत नाही. घराला लावतात.

त्यात आपल्याकडचा गिऱ्हाईक बहुतेक वेळा गावात नसतो. अमळनेरचा माणूस सुरतेत कामाला असतो, भुसावळचा पुण्यात. जळगावात टू बीएचके घ्यायचा म्हणून तो मोबाइलवर फोटो बघतो, सुट्टी टाकतो, बायकापोरांना घेऊन गाडीनं येतो आणि बेडरूमच्या दारात उभा राहून विचारतो, "हाई तीच खोली शे का?" एजंट तेव्हा आपल्याकडे बघत नाही, पण खोली मोठी आपणच केलेली असते. तीही बहुतेकदा मुद्दाम नाही, भिंती सरळ करता करता.

हा सापळा नीट समजून घ्या, बाकी सगळं नंतर.

खोली छोटी असली की फोटोग्राफर कोपऱ्यात पाठ टेकवतो आणि पंखा यावा म्हणून कॅमेरा वर झुकवतो. कॅमेरा वर झुकला की भिंतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे कलतात. आपण लाइटरूममध्ये Transform उघडतो आणि Vertical ओढतो. रेषा सरळ होतात. इथपर्यंत काही खोटं नाही, कारण भिंती खरोखरच सरळ आहेत. पण वरचा भाग फाकला की खालचे दोन्ही कोपरे रिकामे पडतात. ते कापले की फोटो आखूड होतो, फरशी जाते, खोली दबल्यासारखी दिसते. मग हात आपोआप Aspect कडे जातो. थोडं ताणलं की फोटो भरतो, छत उंच होतं, खोली एकदम ऐसपैस वाटते. खोटं इथे सुरू होतं. वाईट म्हणजे, तासभर तोच फोटो बघितल्यावर डोळ्याला ते कळत नाही. मलाही कळायचं नाही.

म्हणून डोळ्यावर विसंबू नका, दार मोजा. समजा, दहा बाय अकराची बेडरूम आहे, छत दहा फुटांवर आणि समोरच्या भिंतीत दार. दाराची चौकट टेपनं मोजली तर सात फूट उंच, तीन फूट रुंद. सात भागिले तीन म्हणजे 2.33. आता एडिट झालेल्या फोटोत तीच चौकट पिक्सेलमध्ये मोजा. समजा, ती 770 उंच आणि 300 रुंद आली. भागाकार 2.57. म्हणजे फोटो उभ्यात दहा टक्के ताणलाय आणि बघणाऱ्याला दहा फुटांचं छत अकरा फुटांवर दिसतंय. Aspect मागे घ्या आणि भागाकार 2.33 च्या आसपास येईपर्यंत थांबू नका. दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे चालतील.

फक्त एक अट आहे. दार कॅमेऱ्याच्या बरोबर समोरच्या भिंतीत हवं. बाजूच्या भिंतीतलं दार तिरक्या कोनामुळे तसंही अरुंद दिसतं, त्याचा भागाकार काढून उपयोग नाही. समोर दार नसेल तर स्विचबोर्ड किंवा कपाटाचं दार मोजून घ्या. समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ असेल तर काम आणखी सोपं, ते अंडाकृती झालं की ताण पडलाय. फोटो काढायला जाल तेव्हा टेप खिशात ठेवा. मला हे स्टुडिओतल्या उस्तादांनी शिकवलं नाही, एका बांधकाम सुपरवायझरनं शिकवलं. या धंद्यात गुरू करायचाच असेल तर ज्याच्या खिशात टेप आहे तो करा. विकत मिळणारे प्रीसेट राहू द्या. तुमची खोली कोणत्या दिशेला आहे हे त्या प्रीसेटला माहीत नसतं.

एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंपासून जास्त जपा. फोटो म्हणून पाठवला की फाइलमधली लेन्सची माहिती उडते. मग सॉफ्टवेअरला कॅमेरा किती वाइड होता हे कळत नाही, ते अंदाजानं रेषा सरळ करतं आणि तुम्ही Aspect ला हात न लावताही लांबी-रुंदी बिघडू शकते. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि आधी कुणी कापलेली नको.

घाबरू नका, हे सगळं मुळातच टाळता येतं. कॅमेरा जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवा, स्क्रीनवरची लेव्हल बघून सपाट धरा. रेषा आपोआप सरळ येतात, एडिटिंगला एखाद्या अंशाचंच काम उरतं. छत येत नसेल तर फोन उभा धरून आणखी एक फोटो काढा. मोबाइलची 0.5 लेन्स मात्र शक्यतो टाळा. तिच्यात कडेला असलेला पलंग लांबलचक दिसतो आणि समोरची भिंत दूर जाते. दाराचा भागाकार बरोबर आला तरी ही फसगत पकडली जात नाही. म्हणून प्रत्येक खोलीच्या फोटोखाली तिचं आतलं माप लिहून द्या.

उजेडाचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर इतकं ऊन असतं की खिडकी पांढरी फटक येते आणि खोली काळीकुट्ट. डोळ्याला खोली तशी दिसत नाही, म्हणून सावल्या उचलणं योग्यच आहे. उजेड कमी-जास्त ठेवून तीन फोटो काढून एकत्र केले तर आणखी बरं. मर्यादा एकच: त्या वेळी खोलीत उभं राहून जेवढं दिसलं तेवढंच. आणि पांढऱ्या भिंतीवर कर्सर नेऊन आकडे बघा. लाइटरूममध्ये ते नव्वद-ब्याण्णव टक्क्यांच्या वर गेले की आधी भिंतीवरचा ओलीचा पिवळा डाग नाहीसा होतो. तुम्ही तो पुसला नाहीत, फक्त उजेड वाढवला, पण गिऱ्हाइकाला तो पावसाळ्यात सापडणारच.

बिल्डरचं काम घेत असाल तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 वाचा. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. गिऱ्हाइकानं माघार घेतली तर पैसे व्याजासकट परत करावे लागतात. "एवढं कोण बघतं" म्हणणाऱ्या बिल्डरला मी हेच कलम वाचायला देते. बहुतेक जण त्यानंतर वाद घालत नाहीत.

काय पुसायचं, यावर एजंटशी भांडण ठरलेलं आहे. माझा नियम असा: घरमालक जाताना जे घेऊन जाणार ते पुसलं तर चालेल, उदाहरणार्थ दोरीवरचे कपडे, सिलिंडर, कूलर. तरी ते फोटोआधी हातानंच हलवा, एडिटिंगचा वेळ वाचतो. जे तिथेच राहणार ते राहू द्या: बीम, गटार, गॅलरीसमोरची डीपी. एजंट डीपी काढाच म्हणून अडून बसला, तर गॅलरीचा फोटो यादीतून काढून टाका आणि बिलातून त्या एका फोटोचे पैसे कमी करा.