हो-नाहीचा रकाना

एम. ए. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या सेमिस्टरला शेती अर्थशास्त्राचा पेपर होता. शेवटी चाळीस गुणांचा लिटरेचर रिव्ह्यू लिहायचा होता. विषय जुना आणि भांडणाचा: लहान शेतकऱ्याचं एकरी उत्पादन मोठ्यापेक्षा जास्त असतं का, आणि असेल तर का. वाचायच्या यादीत तेवीस लेख होते. मी तेवीसही वाचले, तक्ता केला, रंग भरले, आणि वर्गात मांडणी करताना पाचव्या मिनिटाला गप्प बसले. नवीन मुलांनी सिंथेसिस मॅट्रिक्स करायला घेण्याआधी ते पाचवं मिनिट समजून घ्यावं, म्हणून हे लिहितेय.

मॅट्रिक्स म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आडव्या ओळीत लेख, उभ्या रकान्यांत थीम, पद्धत, युक्तिवाद. माझ्या तक्त्यातही तेच होतं. पण 'युक्तिवाद' या रकान्याला मी मनातल्या मनात सोपं करून टाकलं होतं. प्रत्येक सेलमध्ये मी खरं तर एकच गोष्ट लिहीत होते: लहान शेती जास्त उत्पादक, हो की नाही. सेन: हो. रुद्र: नाही. कार्टर: हो. भल्ला-रॉय: बहुतेक नाही. हिरवा रंग, लाल रंग. दिसायला फार देखणं. आमच्या एका सीनियरने तर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मांडणीत सरांनी विचारलं, "सेन 'हो' म्हणतात, ते कशाला?" मी म्हटलं, "लहान शेतीच्या उत्पादकतेला." ते म्हणाले, "पहिली दोन पानं उघड."

अमर्त्य सेन यांचा तो लेख १९६२ चा, 'इकॉनॉमिक वीकली'मधला. पन्नासच्या दशकातल्या फार्म मॅनेजमेंट पाहण्यांवरून त्यांनी तीन निरीक्षणं मांडली होती. घरच्या माणसांच्या कष्टाला बाजारातल्या मजुरीचा दर लावला तर भारतातली बरीचशी शेती तोट्यात दिसते. शेताचा आकार वाढतो तसा नफा वाढतो. आणि आकार वाढतो तसं एकरी उत्पादन घटतं. म्हणजे एकाच लेखात, त्याच आकडेवारीवरून, एका मापाने मोठी शेती पुढे आणि दुसऱ्या मापाने लहान. माझ्या तक्त्यात फक्त तिसरं निरीक्षण होतं. दुसरं मी वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं, पण हो-नाहीच्या सेलमध्ये ते मावत नव्हतं, म्हणून गळून गेलं.

हे इतकं साधं वाटतं की "मी असं करणार नाही" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. म्हणून आकडे घेऊन बघा (माझेच, हिशेबापुरते). दोन एकरवाला एकरी ४०,००० रुपयांचा माल काढतो. बियाणं, खत, नांगरट मिळून १२,००० रुपये. घरची माणसं एकरी ७५ दिवस राबतात. वीस एकरवाल्याचा एकरी माल ३२,००० चा, इतर खर्च १०,००० आणि रोजाने लावलेली माणसं ४५ दिवस. रोज ४०० रुपये धरा. एकरी मालाची किंमत बघितली तर लहान शेतकरी ८,००० रुपयांनी पुढे. आता घरच्या कष्टालाही ४०० चाच दर लावा. ७५ दिवसांचे ३०,००० झाले, म्हणजे लहान शेतकरी एकरी २,००० रुपये तोट्यात. मोठ्याच्या मजुरीचे १८,००० वजा होऊन त्याला ४,००० उरतात. शेत तेच, माणसं तीच, विजेता बदलला. सेन यांचं स्पष्टीकरणही इथेच आहे: घरच्या माणसाला बाहेर त्या दराने काम मिळेलच असं नाही, म्हणून तो स्वतःच्या शेतात इतका राबतो, जितकं मोठा शेतकरी पैसे मोजून कुणालाच राबवणार नाही.

तेव्हा 'उत्पादकता' हा शब्द पाच लेखांत आला म्हणून ते पाच लेख एकमेकांशी बोलतायत असं नसतं. अॅबस्ट्रॅक्टवरून सेल भरणाऱ्यांना हे कधीच दिसणार नाही, कारण अॅबस्ट्रॅक्टमध्ये निष्कर्ष असतो, माप नसतं. आणि सीनियरकडून तयार तक्ता घेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. माझाच तक्ता पुढच्या बॅचमध्ये फिरतोय, तो चुकीचा आहे, घेऊ नका.

तो तक्ता मी फेकला नाही, दोन बदल केले. एक, ओळ लेखाची नाही, दाव्याची. सेन यांना दोन ओळी मिळाल्या, एकरी मालाची एक आणि नफ्याची एक. तेवीस लेखांच्या एकतीस ओळी झाल्या. दोन, 'काय म्हटलं' या रकान्याच्या डावीकडे 'काय मोजलं' हा रकाना घातला आणि स्वतःला नियम घातला की डावीकडचा भरल्याशिवाय उजवीकडे जायचं नाही. हा नियम कंटाळवाणा आहे. एका ओळीला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, कारण माप लेखाच्या मध्यात कुठेतरी, कधीकधी तक्त्याखालच्या बारीक टिपेत सापडतं. दहा ओळींनंतर वीस मिनिटांवर आलं. घाबरू नका, हात बसतो.

'पद्धत' या रकान्यात मी आधी 'रिग्रेशन' असं लिहून मोकळी झाले होते. पंधरा ओळींत 'रिग्रेशन'. त्यातून काय कळणार? मग त्याचे तीन तुकडे केले: आकडे कोणत्या पातळीचे, जमीन कशी मोजली, पीक कसं मोजलं.

पहिल्या तुकड्याने अशोक रुद्र समजले. १९६८ मध्ये त्यांचा आक्षेप असा की आधीचे निष्कर्ष आकारगटांच्या सरासरीवर उभे आहेत. शेकडो शेतांचे पाच-सहा गट करून प्रत्येकाची सरासरी घेतली की ठिपके एका रेषेत शिस्तीत उभे राहतात. सुटी शेतं मांडली तर ठिपके विखुरतात आणि तो संबंध तितका ठाम राहत नाही. म्हणजे रुद्र सेन यांना नुसतं 'नाही' म्हणत नव्हते, ते वेगळ्या पातळीवरून बघत होते. पुढे कार्टर यांनी १९८४ मध्ये हरियाणाच्या शेतपातळीच्या आकडेवारीवर एकाच गावातली शेतं आपसात ताडून बघितली, तरी आकार वाढला की एकरी उत्पादन घटतं हा उलटा संबंध टिकला. भल्ला आणि रॉय यांनी १९८८ मध्ये जमिनीचा कस हिशेबात घेतला, तेव्हा तो बराच सैल पडला. चांगल्या जमिनीचे वाटे जास्त पडतात, त्यामुळे लहान तुकडा हा बऱ्याचदा कसदार तुकडा असतो, असा त्यामागचा विचार. पण मादागास्करच्या भातखाचरांवर बॅरेट, बेलमेअर आणि हौ यांनी माती प्रयोगशाळेत तपासली (लेख २०१० चा), तर कसामुळे त्या संबंधात काहीच फरक पडेना. 'थीम: जमिनीचा कस' या रकान्यात हे दोन लेख शेजारी आले, आणि एकाच थीमखाली येऊनही ते एकमेकांना दुजोरा देत नाहीत हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. त्याआधी माझ्या थीम होत्या 'भारत' आणि 'आफ्रिका'. ती थीम नव्हे, तो नकाशा झाला.

खरी मजा उरलेल्या दोन तुकड्यांत आली. कार्लेटो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये युगांडात शेतकऱ्याने सांगितलेलं क्षेत्र जीपीएसने मोजलेल्या क्षेत्राशी ताडलं. लहान तुकडे वाढवून सांगितले जातात असं निघालं. आमच्याकडेही १७ गुंठ्यांना सगळे अर्धा एकरच म्हणतात. त्यात ५ क्विंटल पिकलं तर अर्ध्या एकराच्या हिशेबाने एकरी १० क्विंटल, खऱ्या १७ गुंठ्यांच्या हिशेबाने पावणेबाराच्या आसपास. म्हणजे क्षेत्र दुरुस्त केलं की लहान तुकडा आणखी वरचढ ठरतो. उलटा संबंध पक्का झाला. इथे मी थांबणार होते, छान शेवट होता. पण डेसिएर आणि जॉलिफ यांनी २०१८ मध्ये इथिओपियाच्या आकडेवारीत दुसरं टोक धरलं. क्षेत्र मोजलेलंच होतं, त्यांनी पिकाकडे बघितलं. शेतकऱ्याने सांगितलेल्या उत्पादनावर उलटा संबंध ठळक दिसत होता. आपल्याकडे पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात तसं प्रत्यक्ष कापून वजन केलेलं पीक घेतलं, तर तो नाहीसा झाला.

हे मला लेख वाचून कळलं नव्हतं. दोन्ही लेख मी महिनाभर आधी वाचले होते आणि दोन्हींपुढे 'मोजमापाची चूक' एवढंच लिहिलं होतं. एक्सेलमध्ये 'पीक कसं मोजलं' या रकान्यावर सॉर्ट लावला आणि सगळ्या 'विचारून' ओळी वर, एकुलती एक 'कापून' ओळ खाली गेली, तेव्हा दिसलं. रिव्ह्यूचा मधला परिच्छेद तिथून आला. परिच्छेद लिहिताना मी लेखांची नावं घेऊन सुरुवात केली नाही, रकान्याचं नाव घेऊन केली: क्षेत्र दुरुस्त केल्यावर काय होतं, पीक दुरुस्त केल्यावर काय होतं, आणि जिथे दोन्ही विचारूनच घेतलंय तिथल्या निष्कर्षावर किती भार टाकावा. आडवं वाचलं तर तेवीस सारांश मिळतात. माझ्या पहिल्या मसुद्यात तेच होते, "अमुक म्हणतात, तमुक म्हणतात", आणि सरांनी कडेला फक्त "मग?" लिहिलं होतं. (आमचे सर एवढंच लिहितात. बऱ्याच गाइडचा "वाचत राहा" हा सल्ला त्याहून निरुपयोगी असतो, असं माझं मत.)

रिकाम्या सेलबद्दल एक सांगते, कारण त्याने मला एक रात्र खाल्ली. रिकामा सेल दोन कारणांनी रिकामा असतो: लेखात ते नाही, किंवा मी पाहिलं नाही. मी दोन्ही कोरे ठेवले आणि सबमिशनच्या आदल्या रात्री नऊ लेख पुन्हा उघडले. आता लेखात नसेल तर 'ना', पाहायचं राहिलं असेल तर प्रश्नचिन्ह. भरलेल्या प्रत्येक सेलला पान क्रमांक. आणि 'ना' अंदाजाने भरू नका. एका रकान्यात सात 'ना' आले तर ते तुमच्या रिव्ह्यूतलं वाक्य असतं.

सॉर्टवर मात्र फार विसंबू नका. इथिओपियाची एक ओळ खाली गेली म्हणून भारतातला वाद मिटला, असं मी उत्साहात लिहिलं होतं. पिकं वेगळी, देश वेगळा, शिवाय तिथे प्लॉट मोजलाय आणि सेन-रुद्र वादात अख्खं शेत. प्लॉट आणि शेत हा फरक माझ्या 'पातळी' रकान्यात होता, मीच बघितला नाही. ते वाक्य सरांनी खोडलं, दोन गुण गेले. त्या सेलमध्ये अजून प्रश्नचिन्हच आहे. डिझर्टेशनला तोच विषय घेतलाय.