इम्पल्स रिस्पॉन्सवरून स्टॅबिलिटी तपासताना या चुका टाळा

सिस्टिम लिनियर आणि टाइम-इन्व्हेरियंट असेल तर कसोटी एका ओळीची आहे: इम्पल्स रिस्पॉन्स h[n] च्या केवल मूल्यांची बेरीज सांत आली तर सिस्टिम स्टेबल, म्हणजे मर्यादित इनपुटला आउटपुटही मर्यादितच; नाही तर नाही. तरीही दर सेमिस्टरला त्याच चुका समोर येतात, आणि त्यातली सगळ्यात चिवट चूक म्हणजे आलेख पाहून निकाल देणं. h[n] शून्याकडे जाताना दिसला की पोरं 'स्टेबल' लिहून मोकळी होतात. बेरीज सांत असेल तर h[n] शून्याकडे जातोच, पण याचं उलट खरं नाही.

एका प्रॅक्टिकल परीक्षेत विद्यार्थ्यापुढे दोन इम्पल्स रिस्पॉन्स होते. पहिला n ≥ 1 साठी 1/n आणि दुसरा n ≥ 0 साठी (0.999)^n. त्यानं प्रत्येकाची पहिली १००० पदं संगणकावर मिळवली. पहिल्याची बेरीज ७.४८५ आली, दुसऱ्याची ६३२.३. आकडे पाहून त्यानं पहिली सिस्टिम स्टेबल ठरवली आणि दुसरी अनस्टेबल. खरं उत्तर नेमकं उलटं आहे. कागदावर दोन मिनिटं बसला असता तर कळलं असतं, पण लूप चालवणं जास्त सोपं वाटतं.

दुसरी भूमिती श्रेढी आहे. तिची अनंत बेरीज 1/(1 − 0.999), म्हणजे १०००. इनपुट ±१ च्या आत ठेवला तर आउटपुट कधीही १००० च्या पलीकडे जाणार नाही. आकडा मोठा आहे, पण त्याला मर्यादा आहे आणि कसोटी तेवढंच विचारते. हार्डवेअरमध्ये ओव्हरफ्लो होईल का, हा निराळा प्रश्न आहे.

आता 1/n. ही पदं गटागटानं पाहा: 1/3 + 1/4, मग 1/5 ते 1/8, मग 1/9 ते 1/16. प्रत्येक गटातलं शेवटचं पद सर्वांत लहान, आणि तेवढ्याच किमतीची सगळी पदं धरली तरी गटाची बेरीज १/२ होते. असे गट संपतच नाहीत, म्हणून बेरीज अनंत. चौदाव्या शतकात निकोल ओरेमनं दिलेली ही सिद्धता मी प्रत्येकाकडून हातानं लिहून घेतो. ही बेरीज साधारण ln n च्या वेगानं वाढते. दहा लाख पदांनंतरही ती १४.३९ एवढीच असते. त्यामुळे 'पद 1e-6 पेक्षा लहान झालं की थांब' अशी अट लावलेला प्रोग्रॅम इथे हमखास फसवतो.

संगणक वापरायचाच असेल तर माझी सवय अशी: N पदांची बेरीज घ्यायची, मग 2N ची, आणि फरक पाहायचा. (0.999)^n साठी १००० वरून २००० वर जाताना २३२ ची भर पडते, पुढच्या दुपटीला ११७, त्यापुढे १८. 1/n साठी प्रत्येक दुपटीला ०.६९३ च्या आसपास भर पडत राहते. पण एवढ्यावर निकाल लिहू नका. 1/(n ln n) मध्ये हा फरकही शून्याकडे जातो आणि बेरीज तरीही अनंतच असते. या आकड्यांवरून फक्त संशय घ्यायचा, निकाल सिद्धतेनं द्यायचा.

दुसरी मोठी चूक म्हणजे केवल मूल्य विसरणं. h[n] = (-1)^(n+1)/n ची सरळ बेरीज ln 2, म्हणजे ०.६९३ येते. युनिट स्टेप दिला तर आउटपुटही ०.५ आणि १ यांच्यामध्येच राहतो, त्यामुळे खात्रीच पटते. पण n = 0 पासून (-1)^n हा इनपुट द्या. कन्व्होल्यूशनमध्ये दोन्हींची चिन्हं जुळतात आणि n व्या क्षणी आउटपुटचं केवल मूल्य 1 + 1/2 + … + 1/n होतं. इनपुट ±१ च्या बाहेर गेलेला नाही, आउटपुट मात्र कितीही मोठा होऊ शकतो. केवल मूल्य घेण्याचं कारण हेच: प्रत्येक पदाच्या चिन्हाला जुळणारा, सर्वांत वाईट इनपुट शोधायचा असतो. एका स्टेपवर चाचणी उरकणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवावं.

किरकोळ चुकाही आहेत. n ≥ 0 साठी h[n] = a^n आणि a = -0.9 असेल तर 1/(1 − a) नको, 1/(1 − |a|) घ्या. उत्तर १० आहे. a = -1 ला पदं लहान होतच नाहीत, तिथे विचार करत बसायची गरज नाही. 1/n² आणि 1/n एकाच पठडीत टाकू नका: पहिल्याची बेरीज π²/6, म्हणजे साधारण १.६४५ आहे. आणि |a| > 1 दिसताच 'अनस्टेबल' लिहिण्याआधी u[n] कुठल्या बाजूला आहे ते बघा. h[n] = 2^n u[-n] मध्ये n शून्यापासून डावीकडे जातो, पदं १, १/२, १/४ अशी येतात आणि बेरीज २ होते. सिस्टिम कॉझल नाही, पण स्टेबल आहे.