अटी सगळ्या जुळल्या, पण काम दिसत नाही: रेझ्युमेतल्या या चुका टाळा

नोकरीच्या जाहिरातीत बहुधा दोन याद्या असतात. एक पात्रतेची: पदवी, अनुभवाची वर्षं, सॉफ्टवेअर. दुसरी कामाची: रुजू झाल्यावर रोज काय करायचं. बहुतेक उमेदवार पहिली यादी समोर ठेवून एकेका अटीवर खूण करतात आणि अर्ज पाठवून मोकळे होतात. दुसरी यादी वाचतात, पण तिचा रेझ्युमेवर काही परिणाम होत नाही. मग अटी पूर्ण करणारे सगळेच अर्ज सारखे दिसू लागतात आणि तुमचा त्यांतलाच एक होतो.

एक उदाहरण घेऊ. जागा आहे पुरवठादारांची बिलं सांभाळणाऱ्या अकाउंटंटची. अटी: वाणिज्य पदवी, तीन वर्षं अनुभव, एक्सेल. कामाच्या यादीत पहिली ओळ अशी: ‘बिलं खरेदी ऑर्डर आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून पाहणे, तफावत असल्यास खरेदी विभाग व पुरवठादाराशी बोलून सोडवणे.’ उमेदवाराने लिहिलंय: ‘बिलांची नोंद व पेमेंटची जबाबदारी सांभाळली. एक्सेलमध्ये प्रावीण्य.’

यात खोटं काहीच नाही. पण जाहिरातीतलं खरं दुखणं तफावतीचं आहे, आणि त्याबद्दल इथे अवाक्षर नाही. हा माणूस नुसती बिलं चढवत होता की अडलेलं बिल सोडवतही होता, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

अशा वेळी ‘जबाबदारी’ हा शब्द बाजूला ठेवा आणि अडलेलं एखादं बिल आठवा. फरक कशात होता, दरात की नगांत? तो कुणाच्या लक्षात आला? फोन कुणी केला? तोवर पेमेंट थांबवलं का, आणि थांबलेल्या बिलांची नोंद कुठे ठेवली? या उत्तरांतून ओळ अशी होते: ‘दरमहा सुमारे ४०० बिलं खरेदी ऑर्डर आणि माल-पावतीशी ताडून पाहिली. दर किंवा नगांत फरक दिसल्यास बिल थांबवून खरेदी विभाग व पुरवठादाराकडून खुलासा घेतला; अडकलेल्या बिलांची यादी एक्सेलमध्ये ठेवून दर आठवड्याला व्यवस्थापकांना दिली.’ एक्सेलही आलं, तेही कामासकट. आकडा अर्थात तुमचा खरा हवा. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, पण मुलाखतीत तो कसा काढला हे सांगता आलं पाहिजे.

जाहिरातीची ओळ जशीच्या तशी उचलणे

जुळवणी करायची म्हटल्यावर लोक हाच शॉर्टकट घेतात. जाहिरातीतली नेमकी संज्ञा वापरणं ठीक आहे, कारण भरती करणारे रेझ्युमे शोधताना तीच शोधतात. पण पूर्ण वाक्य उचललं की ते पुन्हा जाहिरातीसारखंच वाजतं. ओळखायची खूण सोपी आहे: तुमची ओळ त्याच पदावरच्या दुसऱ्या कुणाच्याही रेझ्युमेत न बदलता बसत असेल, तर तिच्यात तुमचं काम अजून आलेलं नाही.

सगळ्या ओळींना सारखं वजन देणे

आठ-दहा कामं दिलेली असली तरी दिवसाचा बराचसा वेळ दोन-तीन कामांतच जातो. ती बहुधा वर असतात, नेहमीच नाही. म्हणून एकच काम वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा येतंय का ते पाहा. वरच्या उदाहरणात खाली कुठेतरी ‘पुरवठादारांच्या शंकांना उत्तरे देणे’ असं असेल, तर तेही तफावतीचंच काम आहे. अशा कामाला दोन ओळी द्या आणि त्या पदाखाली सर्वांत वर ठेवा. ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ यासाठी काही लिहू नका.

पदनामावरून काम नाकारणे

‘मी तर स्टोअरमध्ये होतो, बिलं माझ्याकडे नव्हती’ असं म्हणून काही जण ओळ सोडून देतात. पण आलेला माल मोजून ऑर्डरशी ताडणं आणि कमी नग आले की कळवणं हे त्याच ताळमेळाचं दुसरं टोक आहे. ते स्टोअरचं काम म्हणूनच लिहा. फक्त ‘माल उतरवून घेतला’ यावर थांबू नका.

आणि जवळचंही काही सापडलं नाही तर? समजा, महिनाअखेरीच्या तरतुदींच्या, म्हणजे खर्च झाला पण बिल अजून आलं नाही अशा रकमांच्या नोंदी तुम्ही कधीच केल्या नाहीत, फक्त त्यासाठी न आलेल्या बिलांची यादी काढून दिली. मग ‘यादी तयार करून दिली’ एवढंच लिहा. ‘तरतुदी केल्या’ असं लिहिलंत, तर पुढच्या महिन्यात ती नोंद उलटवायची कशी, या पहिल्याच प्रश्नाला अडाल. यादीही केली नसेल, तर ती जागा कोरी राहू द्या आणि वरच्या दोन-तीन कामांच्या ओळी आणखी नेमक्या करा.