टायट्रेशनचा परत आलेला रिपोर्ट मी कसा दुरुस्त केला

खानापूरहून बेळगावला कॉलेजला जाताना बसमध्येच मी हा रिपोर्ट दुसऱ्यांदा लिहिला. पहिल्यात होतं, ‘सूचक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन घेतलं, कारण रंग स्पष्ट दिसतो. समतुल्य बिंदू २५.१ मिली.’ मॅडमनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ मारली होती.

आधी गणित केलं. २५ मिली ०.१ मोलर अॅसेटिक आम्लाला तेवढाच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड लागतो. तिथे, म्हणजे समतुल्य बिंदूला, फ्लास्कमध्ये सोडियम अॅसेटेट उरतं, ते पाण्याशी क्रिया करतं, म्हणून pH ७ नसतो, साधारण ८.७ येतो. फिनॉल्फ्थॅलीन ८.३ ते १० मध्ये रंग बदलतं. मिथिल ऑरेंज ४.४ लाच पूर्ण पिवळं होतं, म्हणजे जेमतेम ७.६ मिलीवर! खरं कारण हे होतं.

दुसरी चूक जास्त खोल होती. समतुल्य बिंदू हा मोलांचा हिशोब आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. ब्युरेटवर मी वाचला तो अंतिम बिंदू, पहिली टिकणारी फिकट गुलाबी छटा. समतुल्य बिंदूनंतर एकच थेंब, ०.०५ मिली, पडला तरी pH १० च्या आसपास जातो. म्हणून या दोन बिंदूंतला फरक थेंबाभराचाच राहतो. पण गडद गुलाबी होईपर्यंत थांबलं की वाढतो. (हलवत राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने छटा उडते, म्हणून मी तीस सेकंद धरले.)

नवीन वाक्य असं लिहिलं: ‘अंतिम बिंदू २५.१ मिली, तो समतुल्य बिंदूचा अंदाज मानला आहे.’ या वेळी रेघ आली नाही.